परिच्छेदातले पाठ टाचण तक्त्यात उतरवताना

डी.एल.एड. आणि बी.एड.चे छात्राध्यापक सराव पाठांसाठी जी टाचणे लिहितात, त्यांतली बरीचशी वाचायला चांगली असतात. भाषा ओघवती असते, मुलांबद्दल आपुलकी असते, कल्पनाही असतात. तेच टाचण हातात घेऊन वर्गात उभे राहिले की मात्र अडचण होते. पुढे काय करायचे हे शोधायला अख्खा परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो आणि तोवर मागच्या बाकावर गोंधळ सुरू होतो. म्हणून शाळा किंवा मार्गदर्शक प्राध्यापक उद्दिष्ट, कृती, वेळ आणि साहित्य अशा चार रकान्यांचा तक्ता मागतात. मग विद्यार्थी परिच्छेदातली वाक्ये उचलून चौकटीत बसवतात. वाक्ये तीच आणि अडचणही तीच, फक्त मध्ये रेघा आलेल्या.

तक्ता करणे हे उतरवून काढण्याचे काम नाही. परिच्छेदात ज्या गोष्टी झाकलेल्या राहतात त्या तक्ता उघड्या पाडतो, आणि त्या उघड्या पडल्यावर पाठ बदलावा लागतो. हे कसे घडते ते एका टाचणावर सविस्तर पाहू. चौथीचा वर्ग, पट ३६, तासिका ३५ मिनिटांची, विषय पाव, अर्धा आणि पाऊण. टाचण असे आहे:

‘आज मी मुलांना पाव, अर्धा व पाऊण या अपूर्णांकांची ओळख करून देणार आहे. सुरुवातीला घरी भाकरी कशी वाटून खातात याविषयी गप्पा मारेन. त्यातून समान भाग ही कल्पना स्पष्ट होईल. नंतर मुलांना कागद देऊन घड्या घालायला लावेन आणि अर्धा व पाव भाग रंगवून घेईन. चार भागांपैकी तीन भाग घेतले की पाऊण होतो हे फळ्यावर आकृती काढून समजावून देईन. अंश आणि छेद यांचा अर्थही सांगेन. मुले गटात एकमेकांना अपूर्णांक दाखवतील. शेवटी पुस्तकातील काही उदाहरणे सोडवून घेईन. वेळ उरल्यास खेळ घेईन. अशा रीतीने मुलांना अपूर्णांक समजतील व गणिताची गोडी निर्माण होईल.’

टाचण वाईट नाही. भाकरीपासून सुरुवात करणे योग्य आहे आणि कागदाच्या घड्या ही या घटकासाठी फार चांगली कृती आहे. तक्ता आखण्याआधी या परिच्छेदावर पेन्सिल घेऊन बसा आणि एकच काम करा. प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा आणि ती क्रिया कोण करणार हे समासात लिहा. ओळख करून देणार, गप्पा मारेन, लावेन, रंगवून घेईन, समजावून देईन, सांगेन, सोडवून घेईन, खेळ घेईन: हे सगळे शिक्षक करणार. मुलांच्या नावावर थेट एकच क्रियापद आहे, ‘दाखवतील’. ‘लावेन’ आणि ‘रंगवून घेईन’ यांच्या पोटात मुलांचे काम दडलेले आहे, पण ते शिक्षकाच्या बाजूने लिहिले आहे. उरलेली क्रियापदे म्हणजे ‘स्पष्ट होईल’, ‘समजतील’ आणि ‘निर्माण होईल’. ती कोणी करतच नाही, ती आपोआप व्हायची आहेत. तक्त्यातली सगळी मेहनत या तीन क्रियापदांवर करावी लागते.

पहिला रकाना उद्दिष्टाचा. ‘समजतील’ हे उद्दिष्ट म्हणून का चालत नाही? कारण ३६ मुलांपैकी कोणाला समजले आणि कोणाला नाही हे पाहायची सोय त्या शब्दात नाही. अमेरिकन लेखक रॉबर्ट मॅगर यांनी १९६२ साली उद्दिष्टांच्या लेखनावर छोटे पुस्तक लिहिले. त्यातला आग्रह आजही उपयोगी आहे: विद्यार्थी काय करताना दिसेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि कितपत जमले म्हणजे जमले म्हणायचे, हे उद्दिष्टातून कळले पाहिजे. आपल्याकडे अध्यापक विद्यालयांत उद्दिष्टाखाली ‘स्पष्टीकरणे’ लिहून घेतात, विद्यार्थी ओळखतो, फरक सांगतो, उदाहरणे देतो वगैरे. त्यांचा हेतू हाच आहे. रोजच्या तक्त्यात तिन्ही गोष्टी बसवण्याचा अट्टहास नको, पण डोळ्यांना दिसेल अशी क्रिया मात्र हवीच.

आता आपल्या टाचणात मुलांनी नेमके काय करून दाखवायला हवे? अपूर्णांक शिकवणाऱ्या कोणालाही माहीत आहे की मुलांचा पाय समान भागांपाशी घसरतो. चौकोनाचे कसेही चार तुकडे करून दिले आणि एक रंगवला, तर बरीच मुले त्याला खुशाल ‘पाव’ म्हणतात. त्यांच्या लेखी चार हा आकडा महत्त्वाचा असतो, समानपणा नाही. म्हणजे ‘समान भाग ही कल्पना स्पष्ट होईल’ हे जे वाक्य परिच्छेदात गप्पांच्या ओघात सहज निघून गेले, ते खरे तर या पाठाचे पहिले उद्दिष्ट आहे. ते असे लिहिता येईल: ‘समान आणि असमान भाग केलेल्या आकृत्यांतून समान भागांची आकृती ओळखतात व कारण सांगतात.’ कारण सांगायला लावले म्हणजे अंदाजाने बोट ठेवणारे मूल वेगळे कळते.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे पाठ्यपुस्तकातली अध्ययन निष्पत्ती जशीच्या तशी पहिल्या रकान्यात उतरवणे. एनसीईआरटीने २०१७ मध्ये प्राथमिक स्तरासाठी अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या आणि बालभारतीच्या पुस्तकांतही त्या दिलेल्या असतात. त्या गाठायला अनेक तासिका लागतात. एका तासिकेचे उद्दिष्ट त्यातला छोटा तुकडा असतो. तीच ओळ आठवडाभर प्रत्येक तक्त्यात येत असेल तर तो तुकडा पाडायचा राहून गेला आहे. निष्पत्ती तक्त्याच्या वर, वर्ग आणि दिनांकाशेजारी लिहावी आणि रकान्यात आजचे उद्दिष्ट लिहावे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. ‘चौरस कागदाला दोन घड्या घालतात’ हे वाक्य उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिले जाते. क्रियापद दिसणारे आहे, मुलेच करणार आहेत, मग बिघडले कुठे? बिघडले हे की ती कृती आहे. याची एक सोपी परीक्षा आहे. साहित्य बदलून पाहा. कागदाऐवजी दोरी दिली, भाकरी दिली किंवा पाण्याचा पेला दिला, तरी ते वाक्य टिकते का? ‘घड्या घालतात’ टिकत नाही. ‘एका वस्तूचे चार समान भाग करून त्यातला एक पाव म्हणून दाखवतात’ हे टिकते. जे टिकते ते पहिल्या रकान्यात आणि जे कागदाबरोबर निघून जाते ते दुसऱ्या रकान्यात.

मग ‘गणिताची गोडी निर्माण होईल’ या वाक्याचे काय करायचे? त्याला तक्त्यात ओळ देऊ नका. गोडी लागते ती अनेक महिन्यांच्या शिकवण्यातून. ३५ मिनिटांच्या एखाद्या ओळीसमोर ती लिहिली की तिच्यापुढे कृती काय आणि वेळ किती हे खोटे खोटे भरावे लागते.

दुसरा रकाना कृतीचा. समासात लिहिलेली नोंद इथे कामाला येते. शिक्षकाचे प्रत्येक क्रियापद घ्या आणि स्वतःला विचारा, मी हे करत असताना ३६ मुले काय करत असतील? ‘अंश आणि छेद यांचा अर्थ सांगेन’ याचे उत्तर ‘ऐकत असतील’ असे येते. ऐकणे ही कृती नाही असे मी म्हणत नाही, पण सलग दोन ओळींत मुले फक्त ऐकत असतील तर पाठ तिथे ढिला पडणार हे नक्की. हे वाक्य फिरवून बघा. मुलांनी कागदाच्या चार भागांपैकी एकावर रेघा ओढल्या आहेत. ‘एकूण समान भाग किती? रेघांचे किती?’ हे दोन प्रश्न विचारायचे, दोन्ही उत्तरे मुलांनी कागदावर वरखाली लिहायची आणि मग शिक्षकाने त्या संख्यांना छेद आणि अंश ही नावे द्यायची. सांगणे राहिलेच, फक्त ते मुलांच्या कामानंतर आले.

‘मुले गटात एकमेकांना अपूर्णांक दाखवतील’ हे वाक्य सगळ्यात जास्त अडते. त्याच्यासमोर उद्दिष्ट काय लिहायचे? शोधून सापडत नाही, कारण टाचणात गटकार्य असावे म्हणून ते आलेले आहे. ज्या कृतीसमोर उद्दिष्ट सापडत नाही ती एकतर काढून टाका किंवा दुसऱ्या कृतीत मिसळा. आपल्या पाठात कारण सांगण्याचे काम जोडीदाराशी करता येते, म्हणजे गटाची स्वतंत्र ओळ लागत नाही. उलटेही घडते: उद्दिष्ट आहे, पण त्यासमोर मुलांची कृतीच नाही. आपल्या टाचणात पाऊण हा अपूर्णांक तसा आहे. तो शीर्षकात आहे, पण मुलांनी त्यासाठी काहीच करायचे नाही, शिक्षक फळ्यावर आकृती काढणार आणि संपले. परिच्छेदात ही पोकळी दिसत नाही. तक्त्यात रिकामी चौकट समोर येते.

तक्त्याला मूल्यमापनाचा पाचवा रकाना नाही, म्हणून मूल्यमापन गळून जाते. तसे होऊ नये यासाठी कृतीच्या चौकटीतच शेवटचे वाक्य तपासणीचे लिहा, म्हणजे मला काय दिसले की मी पुढच्या ओळीकडे जाईन. ‘सर्वांनी पाव भाग वर धरला’ एवढेसुद्धा पुरते.

आता वेळेचा रकाना. हा रकाना भरताना सगळ्यात कमी विचार केला जातो. ५, १०, १०, ५, ५ अशी बेरीज जमवून ३५ केली जाते. त्याऐवजी परिच्छेद आहे तसा ठेवून प्रत्येक कामाला प्रामाणिक वेळ लावून बघा. भाकरीच्या गप्पा ६ मिनिटे, कागद वाटणे २, घड्या घालणे ५, रंगकाम ८, फळ्यावरची आकृती ५, अंश-छेद ५, गटात दाखवणे ६, पुस्तकातली उदाहरणे ८. बेरीज ४५ होते आणि खेळ अजून आलेलाच नाही. आधीचा तास लांबला, हजेरी घ्यायची राहिली, कोणाची पेन्सिल सापडत नाही, यासाठी तीनेक मिनिटे सोडावी लागतात. म्हणजे हातात ३२ मिनिटे आहेत आणि टाचणात ४५ मिनिटांचे काम. असा पाठ घेतला तर घंटा होते तेव्हा मुले रंगवत असतात आणि पाऊण राहून जातो.

वेळ ठरवताना एका कृतीचे चार भाग धरा: सूचना देणे, साहित्य वाटणे, मुलांचे काम आणि पुन्हा सगळ्यांचे लक्ष फळ्याकडे आणणे. पहिला, दुसरा आणि चौथा भाग लोक विसरतात. मोठ्या वर्गात या तीन भागांचा वेळ मुलांच्या कामाच्या वेळेइतका होऊ शकतो. आपल्या घडीच्या कृतीत सूचनेला १ मिनिट, वाटपाला २, घड्यांना ३ आणि सगळ्यांनी कागद वर धरून दाखवण्याला २ अशी ८ मिनिटे होतात. घड्या आधी घरी स्वतः घालून पाहा आणि घड्याळ लावा. लहान मुलाच्या बोटांना तुमच्यापेक्षा दुप्पट वेळ धरा.

४५ ची ३२ करायची तर कुठे कात्री लावायची? हे उद्दिष्टांचा रकाना सांगतो. रंगवण्यासमोर उद्दिष्ट नाही, भाग वेगळा दिसावा एवढाच त्याचा उपयोग. मुले मन लावून, कडेपर्यंत रंग भरतात आणि ८ मिनिटे जातात. त्याऐवजी पेन्सिलीने तिरप्या रेघा ओढायला सांगितल्या तर हेच काम मिनिटभरात होते. पुस्तकातली ‘काही उदाहरणे’ म्हणजे किती, हे टाचणात नव्हते. ती दोन ठरवून गृहपाठात टाकली. गट मिसळून गेला. खेळाला निरोप दिला. ‘वेळ उरल्यास’ हे शब्द तक्त्यात कुठेही बसत नाहीत, तसे ते बसू नयेतच. जी कृती करायची तिला मिनिटे द्यावीत आणि नाही ती पुढच्या दिवसाच्या कागदावर जावी.

साहित्याचा रकाना शेवटी भरायचा, कारण कृती पक्की झाल्याशिवाय साहित्य पक्के होत नाही. सवयीने ‘खडू, फळा, डस्टर’ लिहिले जाते. ते वर्गात असतेच, ते लिहून काही कळत नाही. जे आणावे, कापावे किंवा छापावे लागते तेच लिहा आणि संख्येसह लिहा. आपल्या परिच्छेदात ‘कागद’ एवढाच शब्द आहे. कसला, किती? इथे चौरस कागदच हवा आणि त्याला कारण आहे. काही मुले कोपऱ्याला कोपरा जुळवून तिरप्या घड्या घालणारच. चौरसाच्या दोन्ही तिरप्या घड्यांनी होणारे चार त्रिकोण एकावर एक तंतोतंत बसतात. लांबट आयताला दोन्ही कर्णांवर दुमडले तर चारही त्रिकोणांचे क्षेत्रफळ सारखे असते, पण आकार दोन वेगवेगळे होतात. ते एकमेकांवर बसत नाहीत आणि ‘हे समान नाहीत’ असे मूल म्हणाले तर चौथीच्या वर्गात त्याला उत्तर देणे अवघड जाते. वहीचा कागद फाडून देणाऱ्या शिक्षकावर ही वेळ हमखास येते.

मग किती चौरस? टाचण जसे आहे तसे घेतले तर अर्ध्यासाठी एक, पावासाठी एक आणि पाऊणसाठी एक असे प्रत्येकी तीन, म्हणजे १०८. पण एकाच कागदावर भागते. पहिली घडी घालून उघडायची, मागच्या बाजूला अर्ध्या भागावर रेघा ओढायच्या. पुन्हा दोन घड्या घालून उघडायचे, पुढच्या बाजूला चारपैकी एका भागावर रेघा: हा पाव. नंतर त्याच बाजूला आणखी दोन भागांवर रेघा: हा पाऊण. पावाचा पाऊण होताना मुलांच्या डोळ्यांसमोर होतो, हा वेगवेगळे कागद देण्यापेक्षा मोठा फायदा आहे. ए-४ आकाराचा कागद मधोमध कापला की दोन तुकड्यांतून सुमारे १४.८ सेंटिमीटर बाजूचे दोन चौरस निघतात. म्हणजे ३६ मुलांना १८ कागद, वर चुकणाऱ्यांसाठी दोन. हा हिशेब साहित्याच्या चौकटीत असेल तर आदल्या संध्याकाळी कापायला बसता येते.

इतके झाल्यावर तक्ता असा उभा राहतो:

| उद्दिष्ट (मुले…) | कृती | वेळ | साहित्य |
|---|---|---|---|
| समान व असमान भागांच्या आकृत्यांतून समान भागांची आकृती ओळखतात, कारण सांगतात | दोन कागदी भाकऱ्या दाखवून: ‘दोघा भावंडांना सारखी वाटणी कोणत्या भाकरीत मिळेल?’ मुले बोटांनी १ किंवा २ दाखवतात, जोडीदाराला कारण सांगतात. तिघे वर्गाला सांगतात. तपासणी: कारणात ‘सारखे’ हा विचार येतो का | ५ मि. | कार्डशीटची २ वर्तुळे: एकावर मधून रेघ, दुसऱ्यावर कडेला, त्यांवर १ व २ आकडे |
| वस्तूचे दोन व चार समान भाग करून अर्धा व पाव दाखवतात | चौरसाला एक घडी, मागे अर्ध्यावर रेघा. मग चार भागांची घडी, पुढे एका भागावर रेघा. तपासणी: सर्वजण पाव भाग वर धरतात | ८ मि. | चौरस कागद ३६ + ४ (ए-४ चे २० कागद), पेन्सिली |
| दाखवलेला भाग १/२, १/४ असा लिहितात; अंश व छेद ओळखतात | ‘एकूण समान भाग किती? रेघांचे किती?’ उत्तरे कागदावर वरखाली लिहितात. शिक्षक नावे देतात. तपासणी: फळ्यावरच्या १/४ मधील छेदाकडे बोट दाखवून तो काय सांगतो हे चौघे सांगतात | ७ मि. | तोच कागद |
| चारपैकी तीन समान भाग म्हणजे पाऊण हे दाखवतात व ३/४ लिहितात | त्याच बाजूला आणखी दोन भागांवर रेघा. ‘आता किती? उरला किती?’ अपूर्णांक लिहून जोडीदाराचा तपासतात. तपासणी: फिरून दोन रांगांतले कागद पाहणे | ७ मि. | तोच कागद |
| अनोळखी आकृत्यांतून पाव ओळखतात | चिठ्ठीवरील चार आकृत्यांपैकी पाव दाखवणाऱ्यांना गोल करतात. चिठ्ठ्या गोळा करणे | ५ मि. | छापील चिठ्ठ्या ३६ (एका ए-४ वर ४, एकूण ९ कागद) |

एकूण ३२ मिनिटे.

शेवटच्या चिठ्ठीविषयी थोडे सांगायला हवे, कारण परिच्छेदात तिचा पत्ताच नव्हता. तिच्यावर चार आकृत्या आहेत: चार उभ्या सारख्या पट्ट्यांचा चौरस, कसेही चार भाग केलेले वर्तुळ, दोन कर्णांनी चार भाग केलेला चौरस आणि तीन सारख्या भागांचा आयत. प्रत्येकात एक भाग रेघांचा आहे. बरोबर उत्तर पहिली आणि तिसरी. वर्तुळाला गोल करणाऱ्या मुलाचे पहिले उद्दिष्ट राहिले आहे, आयताला गोल करणाऱ्याचे छेदाचे राहिले आहे आणि फक्त पहिलीला गोल करणाऱ्याला पाव म्हणजे एकच ठरावीक आकार वाटतो. शेवटची कृती अशी असली की उद्या कोणाला काय पुन्हा द्यायचे हे चिठ्ठ्या चाळताना कळते. ‘पुस्तकातील उदाहरणे सोडवून घेईन’ यातून हे कळले नसते.

तक्ता झाला की तो आडवा वाचू नका, आधी उभा वाचा. नुसता उद्दिष्टांचा रकाना वरून खाली वाचला तर एकातून दुसरे निघते का? आपल्याकडे समान भाग, मग भाग दाखवणे, मग लिहिणे, मग पाऊण, मग अनोळखी आकृती असा क्रम आहे. पाव लिहिता येण्याआधी पाऊण आला असता तर उभ्या वाचनात खटकला असता. नुसता कृतींचा रकाना वाचला तर प्रत्येक चौकटीत मुलांचे हात किंवा तोंड चालू आहे का? नुसता साहित्याचा वाचला तर ती आदल्या दिवशीची खरेदीची आणि तयारीची यादी झाली पाहिजे. मग एकदा प्रत्येक ओळ आडवी वाचा आणि त्या कृतीतून ते उद्दिष्ट खरोखर साधते का हे पाहा.

तक्त्यात सगळे मावत नाही, हेही तितकेच खरे. मुले कोणती चूक करतील आणि ती केल्यावर मी काय करेन, हे परिच्छेदात चांगले लिहिता येते आणि चौकटीत ते चेंगरते. या पाठात बरीच मुले १/४ हा १/२ पेक्षा मोठा म्हणतील, कारण चार दोनपेक्षा मोठा. त्यासाठी तक्त्याखाली तीन-चार ओळींची टीप ठेवा: ‘कागदाची मागची बाजू आणि पुढची बाजू पाहा. भूक लागली असेल तर यातला कोणता तुकडा मागाल?’ असा प्रश्न शब्दशः लिहून ठेवला तर ऐन वेळी आठवतो. त्यामुळे मूळ परिच्छेद फाडू नका. कृती अशी का निवडली याची कारणे त्यात असतात, पुढच्या वर्षी तोच घटक शिकवताना ती उपयोगी पडतात. भाषेच्या पाठात, विशेषतः कवितेच्या रसग्रहणात, पाच-सात मिनिटांच्या ओळी पाडल्याने वाचनाची लय तुटते. तिथे दोन-तीन मोठ्या ओळी ठेवाव्यात आणि टीप लांब असू द्यावी.

ज्या महाविद्यालयात प्रस्तावना, हेतुकथन, विषयविवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ हे टप्पे सक्तीचे आहेत, तिथे त्यांच्यासाठी नवा रकाना आखू नका. पाच रकान्यांत कृतीला जागाच उरत नाही. टप्प्याचे नाव उद्दिष्टाच्या चौकटीत वर लहान अक्षरांत लिहिले की पुरते.

संगणकावर करत असाल तर पान आडवे घ्या. वर्डमध्ये Layout मधून Orientation आणि मग Landscape. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर समास सोडला तर साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर रुंदी मिळते: उद्दिष्टाला साडेसहा, कृतीला साडेअकरा, वेळेला दोन आणि साहित्याला साडेपाच. चारही रकाने सारखे ठेवले तर वेळेचा रकाना रिकामा पसरतो आणि कृतीची चौकट लांबलचक होते. तक्ता दुसऱ्या पानावर गेला तर पहिली ओळ निवडून Repeat Header Rows करा. खरे तर एका तासिकेचा तक्ता दुसऱ्या पानावर गेला की कृतीच्या चौकटीत पुन्हा परिच्छेद शिरला आहे असे समजायला हरकत नाही. एका चौकटीत चार छोटी वाक्ये पुष्कळ झाली.

पाठ झाल्यावर वेळेच्या रकान्यात ठरवलेल्या मिनिटांशेजारी प्रत्यक्ष लागलेली मिनिटे लाल पेनने लिहा. घड्यांना ८ ऐवजी ११ लागली असतील, तर दोन-तीन पाठांनंतर तुमच्या वर्गाला वाटपाला खरोखर किती वेळ लागतो हे कळते आणि पुढचे अंदाज त्यावरून बसतात.

जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसत असतील, तर हा तक्ता थोडा बदलावा लागतो. उद्दिष्ट आणि कृती हे दोन्ही रकाने मधून विभागा, डावीकडे तिसरी आणि उजवीकडे चौथी. वेळेचा रकाना मात्र दोघांसाठी एकच ठेवा, म्हणजे एका ओळीत त्याच मिनिटांत दोन्ही वर्ग काय करतात हे समोरासमोर येते. मग प्रत्येक ओळीत शिक्षक कोणत्या वर्गाजवळ आहे तिथे ‘शि’ लिहा. एका ओळीत दोन्हीकडे ‘शि’ आला तर तिथे पाठ अडणार. चौथीला अंश आणि छेद सांगण्याची सात मिनिटे तुम्ही तिथेच असायला हवे, तेव्हा तिसरीकडे आधी समजावलेले लेखी काम असले पाहिजे. चौथी चिठ्ठी सोडवते त्या पाच मिनिटांत तुम्ही तिसरीकडे जाऊ शकता. चिठ्ठ्या गोळा करायला चौथीतल्याच एका मुलीला आधी सांगून ठेवा आणि तेही कृतीच्या चौकटीत लिहा.